चौघांना सारखेच ८४

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, चौघांचा गट, आणि चौघांच्या नावापुढे एकच आकडा: ८४. गुण चांगले होते. तरी माझी भाची त्या संध्याकाळी घरी आली ती चेहरा पाडून. ती तासगावची, शिकायला सांगलीत आमच्याकडे राहते. मी दुसऱ्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे गुणांच्या तक्रारी मला नव्या नाहीत. पण तिची तक्रार गुणांची नव्हतीच. "मावशी, ८४ मिळाले, ठीक आहे. पण त्यानं परीक्षकांसमोर सांगितलं, 'मी घरोघरी जाऊन मापं घेतली.' आणि मी तिथंच उभी होते गं."

तिच्या या बोलण्यात दोन अन्याय एकमेकांत मिसळलेले आहेत. ज्यानं थोडं काम केलं त्यालाही तेवढेच गुण, हा एक. आणि जे काम एकाचं होतं ते दुसऱ्याच्या नावावर जमा झालं, हा दुसरा. पहिल्यानं चिडचिड होते, दुसऱ्यानं माणूस आतून दुखावतो. कॉलेजात गटानं प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं, आणि बहुतेक जण "जाऊ दे" म्हणून सोडून देतात. मला ते सोडून द्यावंसं वाटत नाही, कारण याचा बराचसा भाग माणसांच्या स्वभावात नसून काम मोजायच्या पद्धतीत आहे, आणि पद्धत बदलता येते.

आधी प्रकल्प काय होता ते सांगते. विषय भूगोलाचा आणि सांगलीच्या जिव्हाळ्याचा: कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं की गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या, कुठल्या गल्लीत शिरतं, याचा नकाशा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर गेलं की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण माझ्या दारात पाणी कधी येणार, ते त्या आकड्यावरून कळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा "आपल्याकडे नाही येत" म्हणून घरातच थांबलेली माणसं पुढे नावेतून बाहेर काढावी लागली. म्हणून या मुलांनी ठरवलं की घरोघरी जाऊन विचारायचं: पाणी तुमच्या उंबऱ्याला नेमकं कुठल्या तारखेला, किती वाजता लागलं? त्या वेळची पुलावरची पातळी नोंदींतून शोधायची, म्हणजे त्या घराचा स्वतःचा आकडा मिळतो. शिवाय भिंतीवरची गढूळ पाण्याची रेषा टेपनं मोजून पडताळा घ्यायचा.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात २०१९ चा पूर आणि २०२१ चा पूर लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळलेले. एकजण म्हणतो रविवारी पाणी आलं, त्याची बायको म्हणते छे, सोमवारी. मग शेजारच्या दोन-तीन घरांत विचारून वेळ जुळवायची. कुणी रंग दिल्यामुळे भिंतीवरची रेषाच गेलेली. एका गल्लीत अगदी लागून असलेल्या दोन घरांच्या आकड्यांत दीड फुटाचा फरक आला. माझी भाची त्या घरी पुन्हा गेली. तेव्हा घरातल्या आजींनी सांगितलं की २००५ च्या पुरानंतर त्यांनी घराचं जोतं उंच करून घेतलं होतं. म्हणजे आकडा बरोबरच होता. उलट पूर येऊन गेलेल्या गावात लोक आपली घरं कशी बदलतात, हे त्या दीड फुटानं दाखवून दिलं. मला विचाराल तर संपूर्ण प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा शोध तोच.

बाकीची वाटणी अशी होती. मिरजेच्या मुलानं क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा केला. पलूसच्या मुलानं वहीतल्या सगळ्या नोंदी संगणकावर भरल्या आणि अहवाल लिहिला. विट्याचा मुलगा थोड्या घरांत गेला, मग बराच काळ दिसला नाही, आणि शेवटच्या आठवड्यात त्यानं स्लाइड्स करून सादरीकरण केलं. तो बोलतो उत्तम. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यालाच विचारलं, "या दोन शेजारच्या घरांत एवढा फरक कसा?" तो म्हणाला, "मोजण्यातली चूक असेल, सर." परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. जो शोध होता तो तिच्या डोळ्यांदेखत चूक ठरला, आणि ज्यानं तो चूक ठरवला त्याचीच "मापं घेणारा" म्हणून नोंद झाली.

गटातला एखादा मागे का राहतो, याचा अभ्यास शंभरहून जास्त वर्षं चालू आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली आणि १९१३ मध्ये ते निष्कर्ष छापले. माणसं वाढत गेली तसा दर माणशी जोर कमी होत गेला. यात एक शंका उरते: जोर खरंच कमी लावला, की सगळ्यांचा झटका एकाच क्षणी न बसल्यामुळे वाया गेला? १९७९ मध्ये लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती शंका फेडली. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, आणि काम एकच: जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडायचं. काही वेळा त्यांना सांगितलं की तुमच्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत, पण प्रत्यक्षात ते एकटेच असत. तरीही आवाज एकट्याच्या आवाजाच्या ७४ टक्क्यांपर्यंत उतरला. ताळमेळ चुकायला दुसरं कुणी नव्हतंच. नुसत्या "इतरही आहेत" या समजुतीनं माणूस ढिला पडला, आणि तेही नकळत.

याच मंडळींनी दोन वर्षांनी पुढचा प्रयोग केला, आणि विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा तो हा. गटात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय, असं त्यांनी सांगितलं. ढिलेपणा जवळजवळ नाहीसा झाला. माणसं तीच होती, कामही तेच होतं. आपला आवाज वेगळा ऐकू येणार, एवढंच नव्यानं कळलं होतं.

आता चौघांना सारखे ८४ देणारी पद्धत या नजरेनं बघा. विट्याच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून हिशेब करा. समजा आणखी वीस तास काम केलं तर गटाचे गुण ८४ वरून ८८ होतील. म्हणजे वीस तासांत त्याला ४ गुण मिळणार, आणि तेवढेच इतर तिघांनाही फुकट मिळणार. तेच वीस तास त्यानं एखाद्या अवघड पेपरला दिले तर कदाचित दहा गुण वाढतील, आणि ते सगळे त्याचे एकट्याचे. उलट तो बसून राहिला तर त्याला खाली ओढणारं काहीच नाही. असा हिशेब त्यानं कागदावर मांडलेला नसतो, पण त्याचे पाय आपोआप त्या दिशेनं वळतात. म्हणून दुसऱ्यांच्या कष्टांवर फुकट स्वार होणाऱ्याला आळशी म्हणून शिव्या देऊन काही निष्पन्न होत नाही. त्याचा आवाज वेगळा मोजला जाईल अशी सोय करावी लागते.

आणि ही सोय नसली तर नुकसान एकाच्या बसण्यावर थांबत नाही. नॉर्बर्ट कर या संशोधकानं १९८३ मध्ये दाखवलं की आपला जोडीदार करू शकत असूनही करत नाही, असं दिसलं की चांगलं काम करणारेही हात आखडता घेतात. स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल, पण आपण मूर्ख ठरायला नको, अशी ती भावना असते. पलूसच्या मुलानं मधला एक आठवडा नोंदी भरणं थांबवलं होतं, ते याच भावनेनं. "तो येत नाही तर मीच का राबू?" हे त्याचे शब्द भाचीनं मला सांगितले. गट मोडतो तो बसणाऱ्यामुळे कमी आणि बसणाऱ्याकडे बघणाऱ्यांमुळे जास्त.

आमच्याकडच्या गावांत पैरा करतात. आज चार घरची माणसं माझ्या रानात भांगलायला, उद्या मी तुमच्या. तिथं फुकटा फार काळ टिकत नाही, कारण उद्या त्याच्या रानात कोण येणार हे सगळ्यांच्या हातात असतं, आणि कुणाच्या घरून किती माणसं आली हे बांधावरून दिसतं. कॉलेजच्या गटात या दोन्ही गोष्टी नसतात. काम चार ठिकाणी विखुरलेलं असतं आणि निकालानंतर गटच संपतो, त्यामुळे परतफेडीचा दिवस उगवतच नाही. म्हणून कॉलेजात तीच हजेरी कागदावर घ्यावी लागते.

कागदावर घ्यायची म्हणजे कशी? "तू किती केलंस ते लिही" असं प्रत्येकाला विचारलं की झालं, असं पहिल्यांदा वाटतं. ते भाचीला करून बघायला सांगितलं. निकाल लागून गेला होता, गुण बदलणार नव्हते, त्यामुळे चौघं मोकळेपणानं तयार झाले आणि एका रविवारी आमच्याकडे चहाला आले. प्रत्येकानं दुसऱ्याला न दाखवता चिठ्ठीवर लिहायचं होतं: एकूण काम १०० धरलं तर माझा वाटा किती? चिठ्ठ्या उघडल्या. तासगाव ४५, मिरज ४०, पलूस ३५, विटा ३०. बेरीज १५०.

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. खोटं कोण बोलतंय, हाच प्रश्न प्रत्येकाच्या मनात असणार. माझ्या मते कुणीच बोलत नव्हतं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंच्या जोड्यांना घरातल्या वीस गोष्टींबद्दल हाच प्रश्न विचारला होता. वीसपैकी सोळा गोष्टींत दोघांच्या वाट्यांची सरासरी बेरीज शंभराच्या वर गेली. गंमत म्हणजे त्यात भांडण सुरू करण्यासारख्या वाईट गोष्टीही होत्या, तेव्हा ही नुसती बढाई नव्हे. आपण केलेलं काम आपल्याला आतून आठवतं: उन्हातली पायपीट, रात्री दोनला अडकलेली फाइल. दुसऱ्याचं काम आपल्याला तयार झालेलं दिसतं, त्यामागचा वेळ दिसत नाही. विट्याच्या मुलाला स्लाइड्स करण्यात घालवलेल्या तीन रात्री लख्ख आठवत होत्या. भाचीच्या डोळ्यांसमोर त्या स्लाइड्स फक्त दहा मिनिटं आल्या होत्या.

म्हणून स्वतःबद्दल विचारायचं नाही, इतरांबद्दल विचारायचं. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात यासाठी वेबपीए नावाची प्रणाली तयार झाली, आणि त्यासारखी आणखीही साधनं आहेत. तिचं गणित इतकं साधं आहे की आमच्या चहाच्या टेबलावर वहीत करता आलं. मी त्यातलं स्वतःला गुण देणं काढून टाकलं. प्रत्येकानं १०० गुण उरलेल्या तिघांत वाटायचे.

तासगावनं मिरजेला ४५, पलूसला ४० आणि विट्याला १५ दिले. मिरजेनं तासगावला ५०, पलूसला ३५, विट्याला १५. पलूसनं तासगावला ४५, मिरजेला ४०, विट्याला १५. आणि विट्याच्या मुलानं तासगावला ३५, मिरजेला ३५, पलूसला ३०. आता प्रत्येकाला मिळालेल्यांची बेरीज करा: तासगाव १३०, मिरज १२०, पलूस १०५, विटा ४५. एकूण ४००, कारण चौघांनी शंभर-शंभर वाटले. शंभरानं भागलं की प्रत्येकाचा गुणक मिळतो: १.३०, १.२०, १.०५ आणि ०.४५. सगळ्यांनी सारखं काम केलं असतं तर प्रत्येकाचा गुणक बरोबर १ आला असता.

हा गुणक थेट ८४ ला लावला तर तासगावला १०९ गुण होतात, आणि विट्याचा मुलगा ३८ वर येतो. दोन्ही वेडगळ. म्हणून गटाचे अर्धे गुण सगळ्यांना सारखे ठेवतात आणि उरलेल्या अर्ध्यांना गुणक लावतात. ४२ सगळ्यांचे, आणि ४२ गुणिले गुणक. मग तासगाव ९६.६, मिरज ९२.४, पलूस ८६.१ आणि विटा ६०.९. चौघांची बेरीज केली तर ३३६, म्हणजे ८४ चौपट, जशीच्या तशी. शिक्षकानं एकही गुण जास्त दिला नाही की कापला नाही, फक्त वाटणी बदलली. अर्धे गुण सारखे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. सगळेच गुण वाटणीवर सोडले तर मुलं एकमेकांना मदत करण्याऐवजी एकमेकांपासून काम लपवायला लागतात.

विट्याचा मुलगा बराच वेळ त्या ६०.९ कडे बघत होता. तिघांनी एकमेकांना न विचारता त्याला नेमके १५ च दिले होते, हे त्याला जास्त लागलं असावं. एकानं कमी दिले तर तो राग असू शकतो. तिघांचा आकडा एक आला, तर त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

ही पद्धत फसतेही, आणि ती कुठं फसते ते ठाऊक नसेल तर वापरू नये. समजा पलूसचा मुलगा विट्याच्या मुलाचा जिवलग असता आणि त्यानं १५ ऐवजी ३५ दिले असते, तासगावला ३५ आणि मिरजेला ३०. विट्याचा गुणक ०.६५ होऊन त्याचे गुण ६९.३ झाले असते. पलूसचं स्वतःचं यात काहीच जात नाही, म्हणून हा मोह मोठा असतो. पकडायचं कसं? वाटणीचे आकडे शेजारी-शेजारी मांडले की दोघं १५ म्हणतात आणि एकजण ३५ म्हणतो, हे लगेच दिसतं. दर आकड्यापुढे एक वाक्य लिहायला लावायचं: "यानं काय केलं?" ३५ च्या पुढे "खूप मदत केली" एवढंच असेल तर समजून जावं. तिघांच्या गटात दोघं संगनमत करून तिसऱ्याला पाडू शकतात, आणि दोघांच्या गटात तर ही पद्धत निरुपयोगीच, कारण शंभरच्या शंभर समोरच्यालाच द्यावे लागतात. कमी बोलणारी, नव्यानं गटात आलेली, किंवा ज्यांच्याशी बाकीचे डबा खात नाहीत अशा मुलांना आकसानं कमी गुण पडतात, हेही मी माझ्या वर्गात पाहिलंय. आकडे ही सुरुवात असते. त्यांचा निवाडा शिक्षकालाच करावा लागतो, आणि त्यासाठी कामाचे पुरावे हाताशी लागतात.

पुराव्याचं नाव काढलं की मुलं गूगल डॉक्सचा आवृत्ती इतिहास दाखवतात. कुणी कधी काय बदललं ते त्यात तारीखवार दिसतं, आणि त्याचा उपयोग आहेच. पण या प्रकल्पाची शीट उघडली तर सगळ्या नोंदींपुढे पलूसच्या मुलाचं नाव होतं, कारण वहीतून शीटमध्ये त्यानं भरल्या होत्या. माझ्या भाचीचं नाव जवळजवळ कुठंच नव्हतं. संगणकाला की-बोर्डवरचा हात दिसतो, गावभागातली पायपीट दिसत नाही. त्यामुळे मैदानी काम असेल तर नोंदीतच एक रकाना ठेवायचा: ही माहिती कुणी घेतली, कुठल्या तारखेला. पहिल्याच दिवशी हा एक रकाना असता तर पुढची निम्मी कटकट झाली नसती. अहवाल हाती आल्यावर तो मागून भरता येत नाही, कारण तोवर प्रत्येकाला आपापलंच आठवत असतं.

तक्रार करायची वेळ आली तर तीही अशाच नोंदींच्या भाषेत करावी. "सर, तो काही करतच नाही" यावर शिक्षक काही करू शकत नाही, कारण तो समोरच्याकडून नेमकं उलट ऐकणार असतो. "दहा तारखेपर्यंत त्यानं तीस घरं करायची ठरली होती, चार झाली, आणि आम्ही बारा तारखेला त्याला विचारलं" यावर करू शकतो. आणि हे अर्ध्या वाटेत सांगायचं, निकालानंतर नव्हे. मी माझ्या वर्गात शंभर गुणांची वाटणी दोनदा घेते. पहिली मध्यावर, तिचे गुण धरत नाही, आकडे मात्र ज्याचे त्याला दाखवते. ज्याला १५ दिसतात त्याच्या हाती अजून महिना-दीड महिना असतो. बरेच जण त्या काळात सावरतात.

विट्याचा मुलगा सावरला असता का? त्या रविवारी तो जे बोलला त्यावरून मला वाटतं, हो. तो रोज एसटीनं यायचा. सर्वेक्षण सकाळी सातला ठेवलं होतं, कारण त्या वेळी माणसं घरी सापडतात, आणि त्याची गाडी सांगलीत पोचायची त्यानंतर. दोनदा तो उशिरा आला, तोवर बाकीचे पुढच्या गल्लीत गेले होते. त्यानंतर गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला वेळ कळवणंच बंद झालं. "मला वाटलं यांना मी नकोच आहे," तो म्हणाला. माझी भाची काही बोलली नाही, मिरजेचा मुलगा म्हणाला, "खरंय, आम्ही तुला धरणं सोडून दिलं." म्हणजे जो फुकटा दिसत होता त्यातला काही भाग बाहेर ठेवला गेलेला होता. याच्या उलटंही होतं: एखादी हुशार मुलगी "तुम्हाला नीट जमणार नाही" म्हणून सगळं स्वतःकडे ओढते आणि नंतर एकटीनं राबल्याची तक्रार करते. दोन्हींत शेवटी कागदावर आकडा तोच येतो, ०.४५. तो कुठल्या वाटेनं आला हे विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारायला हवं.

पण वेळ न कळवणं आणि "मी मापं घेतली" म्हणणं, या दोन गोष्टी मी एका पारड्यात ठेवणार नाही. पहिलीत गटाचाही वाटा आहे, दुसरी त्याची एकट्याची. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, परीक्षकांनी 'तुम्ही कसं मोजलंत' विचारलं, आणि तोंडातून 'मी' निघून गेलं." मला ते खरं वाटतं. सादरीकरण करणाऱ्याच्या तोंडी सगळं काम आपोआप त्याचं होत जातं. म्हणून उत्तर पाठ करून ठेवावं लागतं: मोजमाप हिनं केलंय, तीच सांगेल. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही तसंच. "आम्ही चौघांनी पुराचा नकाशा केला, त्यात सादरीकरण आणि काही घरांचं सर्वेक्षण माझ्याकडे होतं," असं सांगणाऱ्याला त्याचं काम सविस्तर विचारतात, आणि तो सविस्तर सांगू शकतो. "मी केला" म्हणणाऱ्याला दीड फुटाच्या फरकावर अडवता येतं.

संशोधनाच्या जगात या नावांच्या भांडणावर एक व्यवहारी तोड निघाली आहे. २०१४ पासून क्रेडिट नावाची यादी वापरात आली, तिच्यात कामाच्या चौदा भूमिका आहेत: कल्पना, माहिती गोळा करणं, विश्लेषण, लेखन, देखरेख वगैरे. अनेक नियतकालिकं शोधनिबंधाच्या शेवटी कुठल्या लेखकाची कुठली भूमिका ते छापतात. नाव कितव्या क्रमांकावर यावर भांडण्यापेक्षा काम कुठलं ते लिहायचं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला चौदाची गरज नाही, सात-आठ ओळी पुरतात.

चौघांनी तशा ओळी त्याच टेबलावर लिहिल्या, अहवालाच्या विभागातल्या प्रतीला शेवटी जोडायला. विभागप्रमुखांनी त्याला परवानगी दिली, गुण अर्थातच होते तेवढेच राहिले. घरांचं सर्वेक्षण: तासगाव, आणि पुढे विट्याच्या मुलानं स्वतःच्या हातानं "बारा घरं" म्हणून आपलं नाव. वेळांचा पडताळा आणि पुलाच्या पातळीशी जुळणी: तासगाव. नकाशा: मिरज. नोंदी भरणं आणि अहवाल: पलूस. सादरीकरण: विटा. जोत्याच्या घराची टीप त्या पानावर खाली वेगळी लिहिली, परीक्षेत दिलेलं उत्तर चुकीचं होतं असं स्पष्ट म्हणून. ती टीप विट्याच्या मुलानंच लिहिली.

अडलं ते एकाच ओळीवर, प्रश्नावली कुणी तयार केली. "पाणी उंबऱ्याला कधी लागलं" हा प्रश्न आपल्यालाच सुचला, हे तासगाव, मिरज आणि पलूस तिघांनाही पक्कं आठवत होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर शोधलं तर पहिल्या चर्चेचे निरोप कधीच पुसले गेले होते. अर्धा तास वाद घालून शेवटी त्या ओळीपुढे तिघांचीही नावं लिहिली.